गारांनी कौलं फुटली की माकडांनी? सत्तरीतल्या घराचा क्लेम, जाणकारांनी सांगा

म्हादईकाठ
नमस्कार मंडळी. आमचं घर वाळपईच्या आत, घाटाच्या पायथ्याला. गेल्या शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास घाटाकडून काळंकुट्ट आलं, आधी वारा आणि मग गारा. पंधरा मिनिटं पण नसतील, पण आवाज असा की आईनं देवासमोर बसून कान धरले. गारा आवळ्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या. मी ५६ वर्षांचा आहे, आमच्याकडे हरभऱ्याएवढ्या गारा चारपाच वेळा बघितल्यात, असल्या कधीच नाही.

घराला चार प्रकारची छपरं आहेत म्हणून सगळं लिहितो. जुन्या घरावर मंगळुरी कौलं, पूर्वेचं आणि पश्चिमेचं अशी दोन पाखी. पुढच्या सोप्यावर सहा वर्षांपूर्वी घातलेला कलर कोटेड पत्रा. मागे गोठ्यावर सिमेंटचे जुने पत्रे. आणि धुण्याच्या जागेवर पॉलिकार्बोनेट. कौलं भरपूर फुटलीत, गोठ्यात उजेड दिसतोय, पॉलिकार्बोनेटला भोकं पडलीत, सोप्याच्या पत्र्याला पोचे आहेत पण गळत नाही.

विमा आहे, बँकेनं कर्जाच्या वेळी करायला लावलेला, भारत गृह रक्षा. कंपनीला रविवारी फोन केला, काल त्यांचा माणूस येऊन गेला. खालूनच बघितलं आणि म्हणाला की सत्तरीत माकडं कौलं फोडतात हे सगळ्यांना माहीत आहे, जुनी तुटफूट आहे, आणि पत्र्याचे पोचे फक्त दिसण्याचे. परत शुक्रवारी येणार. माकडं येतात हे खरं आहे, मी खोटं बोलणार नाही. पण हे माकडांचं काम नाही, हे मी त्याला दाखवून कसं देऊ?

डिचोलीकर७७
भाऊ वाईट वाटेल पण सांगतो, पॉलिसी उघडून बघा, त्यात वादळ, चक्रीवादळ, पूर, भूकंप सगळं आहे पण गारा हा शब्दच नाही. माझी बघितली मी आत्ता. म्हणजे ते हात वर करणार. दुसरं, विमा कमी रकमेचा असेल तर त्या प्रमाणातच पैसे देतात, घर २० लाखांचं आणि विमा १० चा तर अर्धेच. आणि सर्व्हेयर परत येईपर्यंत कशालाही हात लावू नका, एक कौल पण हलवू नका, नाहीतर क्लेम गेला.

काजूवाला
आमच्याकडे पण त्याच दिवशी पडल्या, काजीची बोंडं सगळी खाली, पानं फाटून चाळणी झाली. दीडशे झाडं आहेत. ह्या पॉलिसीत बागायतीचे पैसे मिळतात का? कोणत्या नंबरवर फोन करायचा?

जुना_सर्व्हेयर
म्हादईकाठबाब, मी आता निवृत्त आहे, पण २३ वर्षं घरांचे आणि गोदामांचे क्लेम बघितले, त्यातले बरेच छपरांचे.

आधी डिचोलीकरांच्या तीन गोष्टी, कारण एक धोक्याची आहे. गारा हा शब्द छापलेला नसतो हे बरोबर. पण गारा काही कोरड्या आभाळातून पडत नाहीत, त्या वादळाचाच भाग आहेत आणि वादळ पॉलिसीत आहे. म्हणून अर्जात नुसतं 'गारांनी नुकसान' लिहू नका, 'अमुक तारखेला, अमुक वेळेला वादळ, सोबत वारा आणि गारपीट' असं लिहा. दुसरं, अर्धे पैसे हा नियम दुकानाच्या, गोदामाच्या जुन्या आगीच्या पॉलिसीत आहे. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या गृह रक्षामध्ये रक्कम कमी पडली म्हणून तशी कपात करत नाहीत. तिसरं, हात लावू नका हे चूक. पुढचं नुकसान टाळणं हे पॉलिसीप्रमाणे तुमचंच काम आहे. आधी फोटो काढा, मग ताडपत्री घाला, तिचं बिल ठेवा, आणि फुटलेले तुकडे फेकू नका, एका कोपऱ्यात जमा करा. उघडं ठेवून आत माळा भिजला तर ते पाणी तुमच्या निष्काळजीपणात मोजतील.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या घराला चार छपरं आहेत हे तुमचं नशीब म्हणा. कौल एकटं काही सांगत नाही, ते फुटतं आणि गप्प बसतं. पण शेजारचा पत्रा प्रत्येक गार लिहून ठेवतो. त्या पत्र्याला साक्षीला आणा. तो गळत नाही म्हणून तुम्ही त्याला शेवटी टाकलंत, मी त्याच्यापासून सुरुवात केली असती.

तीन गोष्टी कळवा. गारांचं माप काही आहे का? वारा कुठून होता? आणि माकडं कुठल्या झाडावरून छपरावर उतरतात?

म्हादईकाठ
काका फार फार आभार. ताडपत्री रविवारीच घातली होती, बिल आहे. माप असं की पुतणीनं दहाच्या नाण्याशेजारी गार ठेवून फोटो काढलाय, गार नाण्याहून थोडी मोठी. आणि पाचसहा गारा फ्रीजरमध्ये पिशवीत आहेत. वारा पूर्वेकडून, घाटाकडूनच. माकडं पश्चिमेला फणस आहे त्याच्यावरून येतात, पूर्वेला अंगण, झाड नाही.

जुना_सर्व्हेयर
मग तुमचं अर्धं काम झालं. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे गार साधारण ३ सेंटिमीटर. फ्रीजरमधल्या गारा हळूहळू बारीक होतात, चिकटतात पण, म्हणून त्यांचाही आजच पट्टीशेजारी फोटो काढा. पहिला फोटो मूळ फाईल म्हणून जपा, व्हॉट्सअपवरून फिरवला की तारीख-वेळ निघून जाते.

माप एवढं का विचारतो ते सांगतो. सोलर पॅनेलची जगभर एक चाचणी असते, आयईसी ६१२१५, त्यात बर्फाचे गोळे मारतात. २५ मिलिमीटरचा गोळा साडेसात ग्रॅमचा, तो सेकंदाला २३ मीटर वेगानं मारतात कारण तेवढी गार साधारण त्याच वेगानं खाली येते. ३५ मिलिमीटरचा गोळा २०.७ ग्रॅमचा आणि वेग २७.२ मीटर. हिशोब केलात तर माप एकच सेंटिमीटरनं वाढलं पण तडाखा जवळजवळ चौपट झाला. म्हणून 'लिंबाएवढी' 'आवळ्याएवढी' यावर भांडण होतं आणि नाण्यावर होत नाही.

शुक्रवारच्या आत हे करा. खडू आणा, साधा शाळेचा. सोप्याच्या पत्र्यावर मोजून १० फूट बाय १० फुटांचा चौकोन आखा आणि खडू आडवा धरून पत्र्यावरून घासत जा. पोचा खोलगट असतो म्हणून तिथे खडू लागत नाही, तेवढा गोल कोरा राहतो. उन्हात जे पोचे डोळ्याला दिसत नाहीत ते पण उठून येतात. मोजा, फोटो काढा. मग पूर्वेच्या पाख्यावर तेवढाच चौकोन धरून फुटलेली कौलं मोजा आणि तसंच पश्चिमेला. शिडीवरून, काठावरून. कौलांवर चढून चालू नका, तुमच्याच पायानं चार फुटतील आणि तो तेच दाखवील. गोठ्याच्या सिमेंट पत्र्यावर तर अजिबात पाय ठेवायचा नाही, माणूस सरळ खाली जातो.

पत्र्यावर, पन्हळीवर, पाण्याच्या टाकीवर मळ आणि शेवाळ असतं ना, गार आपटली की तेवढं निघून स्वच्छ ठिपका राहतो, एका बाजूला ओढल्यासारखा. त्याच्यावरून गार कुठून आली ते कळतं. हे ठिपके दोनचार पावसांत जातात, ते आधी टिपा.

पेडण्याची_काकू
आमचं तौक्तेमध्ये गेलं होतं, मे २०२१. पत्रे पाठच्या माडापर्यंत उडाले. आम्हाला पण आधी म्हणाले की स्क्रू गंजलेले होते, देखभाल नाही. मग एका ओळखीच्या इंजिनियरनं सांगितलं की भोकं बघा, गंजानं भोक मोठं होतं तेव्हा कडा पातळ तांबूस होऊन झडते, आणि वाऱ्यानं पत्रा उचलला की भोक एका बाजूला ताणून लांबट होतं, कडा चकचकीत फाटलेली. आमची लांबट होती. तसे दहा पत्रे जपून ठेवले म्हणून मिळाले, चार महिने लागले तरी. तुम्ही पण फुटकं काही भंगारवाल्याला देऊ नका हो.

पत्रेवाला_फोंडा
मी पत्र्याचंच काम करतो. सोप्याला कितीचा पत्रा आहे? बिलावर ०.४५ लिहिलेलं असतं पण बरेच जण ०.३५ देतात, काठाला मायक्रोमीटर लावून बघा, रंगासकट माप येतं. ३ सेंटिमीटरच्या गारेनं पातळ आणि मऊ पत्र्याला खोल पोचे येतात, हाय टेन्साइल पत्र्याला त्याच जाडीत कमी. ॲल्युमिनियमचा असता तर वाटी झाली असती. पण भोक पडत नाही, इतक्या वर्षांत गारेनं भोक पडलेला चांगला पत्रा मी बघितला नाही. मला विचाराल तर गारांसाठी पत्राच बेस्ट, कौलं काढून सगळीकडे पत्रा घाला आणि मोकळे व्हा.

सालीगावकर
आमच्या बंगल्याला शिंगल आहेत, डांबरी. बिल्डरनं सांगितलं होतं क्लास ४ आहे म्हणजे गारांना काही होत नाही. खरं का?

जुना_सर्व्हेयर
सालीगावकर, क्लास ४ म्हणजे यूएल २२१८ चाचणीत २ इंची पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकला आणि मागच्या बाजूनं चीर गेली नाही. चाचणी कडक आहे, पण ती नव्या मालावर होते, दहा उन्हाळे खाल्लेल्या शिंगलवर नाही. आणि वरची खडी उडणं त्यात नापास धरत नाहीत. तुमच्याकडे गार पडली तर पन्हळीत खडी जमलीय का बघा आणि संशयाच्या जागी बोटानं दाबा, मार लागलेली जागा सफरचंदाच्या डागासारखी मऊ लागते.

पत्रेवाल्यांचं भोकांबद्दल बरोबर. पण सगळीकडे पत्रा घाला याच्याशी मी सहमत नाही. या घराला शंभर वर्षांत एकदा असल्या गारा पडल्या, उन्हाळा दरवर्षी येतो. आणि कौलाचं असं आहे की फुटलेलं एकच काढून दुसरं सरकवता येतं, पत्र्याला ते नाही.

कौल गारेला कुठे हरतं तेही सांगतो. चांगलं भाजलेलं, रिपेवर नीट बसलेलं कौल एवढी गार बहुतेक वेळा सोसतं. फुटतं ते कोपऱ्याला, जिथे खाली आधार नसतो, नाहीतर रीप वाकल्यामुळे कौल डुगडुगतंय तिथे. म्हणून शंभर टक्के फुटलेलं छप्पर दिसणार नाही, आणि 'बाकीची कशी टिकली मग' असं कोणी म्हणालं तर हे उत्तर.

म्हादईकाठ
काल दिवसभर भाऊ आणि मी मोजत होतो. लिहितो, चुकलं असेल तर सांगा.

सोप्याच्या चौकोनात ४१ पोचे. खडूची युक्ती बघून शेजारी पण आले, खाली उभं राहून आम्हाला दहाबारा वाटले होते. पूर्वेचं पाखं ३० बाय १६ फूट, त्यावर साधारण ६७० कौलं, त्यातली फुटकी ९६. पश्चिमेचं तेवढंच, फुटकी ११. सगळी कडेनं शिडी लावून बघितली. ठिपके पन्हळीवर आणि टाकीवर आहेत, सगळे पूर्वेच्या बाजूला, फोटो काढले. टाकीच्या पश्चिमेला एकही नाही.

आता काका एक प्रश्न, पूर्वेच्या ९६ मध्ये पण काही जुनी असणारच की. ती कशी ओळखू?

जुना_सर्व्हेयर
फार चांगलं काम केलंत. पूर्वेला ९६, पश्चिमेला ११, आणि माकडांचा फणस पश्चिमेला. माकडांनी फोडली असती तर आकडे उलटे आले असते. हे एवढंच एका कागदावर छपराचा नकाशा काढून त्यावर लिहा.

जुनं-नवं ओळखायचं तर तुटलेली कड बघा. नवी कड आतून विटेसारखी लाल-केशरी, खरखरीत, बोट लावलं तर पावडर येते. जुनी कड काळपट, हिरवट, तिच्यावर शेवाळ किंवा कोळ्याचं जाळं. एक पावसाळा गेलेली कड नवी म्हणून खपत नाही. आणि तुकडे कुठे आहेत ते बघा. गारेनं फुटलेल्या कौलाचे तुकडे तिथेच पडलेले किंवा खाली माळ्यावर सांडलेले, कौल जागेवरच असतं. माकड कौल सरकवतं, उचकटतं, आढ्याजवळ आणि उडी मारायच्या जागी जास्त. नारळ पडला तर एकाच जागी पाचसहांचा चुरा आणि खाली रीप पण मोडलेली. माणूस चालला असेल तर एका ओळीत कोपरे तुटलेले.

शिवाय न दिसणाऱ्या चिरा. पूर्वेच्या पाख्याची हाताला येतील ती सगळी कौलं बोटाच्या गाठीनं नाहीतर नाण्यानं वाजवा. अखंड कौल खणखणतं, चीर गेलेलं भदभदतं. अशी वेगळी मोजा, पावसाळ्यात तीच गळणार आहेत.

आणि जुनी निघतील ती स्वतःहून वेगळी लिहा. 'ही माझी जुनी, ही मागत नाही' असं लिहिलेला कागद मी टेबलावर बघितला की बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसायचा. सगळी एकत्र मागणाऱ्याचं सगळंच तपासावं लागायचं.

डिचोलीकर७७
काका ताडपत्रीबद्दल माझं चुकलं, बरं झालं सांगितलंत. पण वादळ सिद्ध करायला हवामान खात्याचा दाखला लागतो ना, पणजीच्या ऑफिसचा? तिकडे त्या दिवशी ऊन होतं, मी पणजीतच होतो. मग?

जुना_सर्व्हेयर
हा मुद्दा बरोबर काढलात, ह्याच्यावर क्लेम अडकतात. गारपिटीचा पट्टा अरुंद असतो, दोन गावं पलीकडे काहीच नाही असं होतं. पणजीच्या वेधशाळेत गारा पडल्याच नाहीत तर तिथल्या नोंदीत त्या कुठून येणार. दाखल्यात 'नोंद नाही' आलं म्हणजे वाळपईत पडल्या नाहीत असा अर्थ होत नाही, एवढं पत्रात लिहा. गोव्यात रडार आहे, त्याच्या चित्रात त्या वेळेचा ढग कुठे होता ते दिसतं, ते मागता येतं. पण त्याहून भक्कम म्हणजे जमिनीवरचं. तलाठ्यांकडून पंचनामा, अग्निशामक दल झाड काढायला आलं असेल तर त्यांची नोंद, त्या आठवड्याची वर्तमानपत्रं, आणि शेजाऱ्यांचे तारखेसकट फोटो.

काजूवालेबाब, तुमचा प्रश्न राहिला. घराच्या पॉलिसीत बागायत येत नाही. तुम्ही विभागीय कृषी कार्यालयात जा, शेतकरी आधार निधी म्हणून राज्याची योजना आहे, तिथे पाहणी करतात. पण तुमच्या बागेची पाहणी झाली तर तिची प्रत म्हादईकाठांना द्या. त्याच दिवशी त्याच भागात गारा पडल्या याचा तो सरकारी कागद होईल.

काजूवाला
चालेल, उद्याच जातो. आमची बाग त्यांच्या घरापासून दीड किलोमीटर असेल. फाटलेली पानं ठेवलीत, ती पण दाखवतो.

म्हादईकाठ
देव बरें करूं काजूवालेबाब.

कड बघून वेगळी केली. पूर्वेच्या ९६ पैकी १४ जुनी निघाली, ८२ नवी. पश्चिमेच्या ११ पैकी ९ जुनी, २ नवी. म्हणजे माकडांची २३, ती मी लिहून दिली. वाजवून बघितल्यावर आणखी १७ भदभदली. नवी एकूण १०१.

गोठ्याचं सांगतो. वरून सिमेंटचे दहापैकी दोनच पत्रे फुटलेले दिसत होते. आतून बघितलं तर आणखी चार पत्र्यांना केसासारख्या चिरा, चांदणीसारख्या. वरून काहीच नाही. असं कसं?

जुना_सर्व्हेयर
सिमेंटच्या पत्र्याचं असंच असतं. गार वरून आपटली की पत्रा क्षणभर खाली वाकतो, ताण येतो तो खालच्या अंगाला, म्हणून चीर आधी खाली पडते. त्यात ते ठिसूळ, आणि वर्षं जातील तसे आणखी ठिसूळ. चारपैकी गारांना सगळ्यात कमी टिकणारं छप्पर हेच. एक सर शिंपडली की त्या चिरांतून ओली रेघ दिसेल, तो फोटो काढा. मात्र सांभाळून, जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. तुकडे कोरडे झाडू नका, फोडू नका, पाणी मारून ओले करा, जाड पिशवीत भरा, तोंडाला चांगला मास्क. गुरांना दोन दिवस दुसरीकडे बांधा.

पॉलिकार्बोनेट किती जुनं?

म्हादईकाठ
नऊ वर्षं. पिवळं पडलं होतं आधीच. दोन पापुद्र्यांचं आहे, वरच्याला भोकं, खालचा शाबूत.

पत्रेवाला_फोंडा
नवं पॉलिकार्बोनेट हातोड्यानं फुटत नाही, पण उन्हानं पिवळं झालं की बिस्किट. त्यात दोन पापुद्र्यांचं म्हणजे वरचा पापुद्रा कागदासारखा पातळ. भरीव शीट घेतलं असतं तर वाचलं असतं. आता वरून पाणी आत शिरेल, शेवाळ धरेल, बदलायलाच लागेल.

जुना_सर्व्हेयर
बदलायला लागेल हे खरं, पण पूर्ण पैसे धरू नका. पॉलिसी नुकसानीच्या वेळी वस्तू जशी होती तशी करायचा खर्च देते, पिवळं पडणं हे उन्हाचं, गारांचं नाही. तिथे कापतील, आणि मी असतो तर मी पण कापले असते. सिमेंटच्या पत्र्यांत पण थोडंफार.

मिस्त्रीचं कोटेशन आलं का? चारही छपरांचं वेगळं घ्या, एकत्र आकडा नको.

म्हादईकाठ
आलं. कौलं १०१ आणि काढताना फुटतील म्हणून १० जास्त, १११ गुणिले ४८ म्हणजे ५,३२८. मजुरी मिस्त्री आणि दोन गडी तीन दिवस, ८,१००. गोठ्याचे सहा पत्रे बसवून १७,५००. पॉलिकार्बोनेट ७,२००. इथपर्यंत ३८,१२८ होतात. आणि सोप्याचे १४ पत्रे बदलायचे तर ६१,०००. सगळे मिळून ९९,१२८.

म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे त्या पोच्यांचे आहेत. मागू का नको? गळत तर नाही. लोभ केल्यासारखं वाटतं.

डिचोलीकर७७
मागा हो! पॉलिसीत 'नुकसान' लिहिलंय, 'गळती' नाही. नव्या गाडीला पोचा पडला तर विमा देतो की नाही?

पेडण्याची_काकू
मला वाटतं त्याच्यापायी कौलांचे पण अडकवून ठेवतील. आधी ३८ हजार पदरात पाडून घ्यावेत.

जुना_सर्व्हेयर
दोघांचंही थोडं थोडं बरोबर. परदेशांत काही पॉलिसीत 'पत्र्याला नुसते पोचे आले तर देणार नाही' असं वेगळं कलम घालतात. तुमच्या पॉलिसीत तसं कलम नसेल तर 'दिसण्याचं आहे' हे एवढंच कारण पुरेसं नाही असं माझं मत. पण माझ्या बरोबरीचे बरेच सर्व्हेयर गळत नाही म्हणजे नुकसान नाही असंच धरायचे, आणि त्यावर आमचं ऑफिसात कधी एकमत झालं नाही.

म्हणून लोभ आहे का ते पत्र्यालाच विचारा. भिंग घेऊन पोच्याच्या तळाशी आणि कडेला रंग बघा. रंगाला बारीक चिरा पडल्या असतील तर खालचं जस्त उघडं झालंय, आपल्या पावसात दोनतीन वर्षांत तिथे गंज येईल, मग ते नुसतं दिसण्याचं राहत नाही. दुसरं, जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या सांध्यावर पोचा आहे का? तिथे फट पडली की पाणी ओढलं जातं. आणि स्क्रूच्या रबराशेजारी. अशा पोच्यांचे पत्रे वेगळे मोजा आणि तेवढेच बदलायला मागा. उरलेल्यांसाठी 'पोचे पडल्यानं किंमत कमी झाली' म्हणून काही रक्कम मागून बघा, कंपनी देते किंवा देत नाही.

आणि एक, घराच्या क्लेमचा अंदाज १ लाखाच्या आत असेल तर लायसनवाला सर्व्हेयर नेमणं कंपनीला बंधनकारक नसतं. आलेला माणूस सर्व्हेयर होता का त्यांचा कर्मचारी, हे नीट विचारून घ्या, आणि त्याच्या रिपोर्टची प्रत लेखी मागा. नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा, महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, गोव्यासाठी ते ऑफिस आता पुण्याला आहे.

म्हादईकाठ
शुक्रवार झाला. दुसरेच गृहस्थ आले, लायसनवाले, शांत होते. नकाशा हातात घेऊन स्वतः शिडीवर चढले, पूर्वेच्या पाच कौलांच्या कडा बघितल्या, दोन वाजवून बघितली. माकडांची २३ वेगळी लिहिलेली बघून म्हणाले की हे असं कोणी देत नाही. काजूवालेबाबांच्या बागेच्या पाहणीचा कागद पण घेतला. कौलं मान्य, गोठ्याचे सहाही पत्रे मान्य पण वय बघून कपात, पॉलिकार्बोनेटचे अर्ध्याहून कमी.

सोप्याच्या पत्र्याचं भिंगानं बघितलं होतं. १४ पैकी चार पत्र्यांच्या सांध्यावर पोचे आहेत आणि त्यांच्या रंगाला चिरा, म्हणून चारच मागितले. त्यांनी फोटो काढले, 'कंपनीला विचारतो' एवढंच म्हणाले. उरलेल्या दहांचं मी काही मागितलं नाही.

डिचोलीकर७७
दहांचं पण मागायला हवं होतं हो.

जुना_सर्व्हेयर
मागता आलं असतं, चूक नव्हती. पण त्यांचं घर, त्यांचा निर्णय. त्या चार पत्र्यांच्या चिरांचे आजचे फोटो तारखेसकट ठेवा बाब, पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात त्याच जागांचे परत काढा. तोवर उत्तर आलं नसेल तर गंज आला की नाही ते तरी कळेल.

म्हादईकाठ
ठेवतो काका. मिस्त्री मंगळवारी येतोय, जुन्या घरातली चांगली कौलं विकणारा एक जण साखळीला मिळाला, त्याच मापाची आहेत, सगळी वाजवून घेतली. चार पत्र्यांचं उत्तर आलं की इथेच लिहीन.